‘शुट्झगेबीट’मध्ये संरक्षण कुणाचं?

प्रश्न : ‘जर्मन वसाहतींना काही ठिकाणी “संरक्षित प्रदेश” का म्हणतात? आणि आफ्रिकेतल्या वसाहतींसाठीची चढाओढ नफ्यासाठी होती, सत्तांच्या आपसांतल्या वैरापोटी, की “सुधारणे”च्या कल्पनेतून?’

‘कॉलनी’ची व्युत्पत्ती कुठल्याही कोशात सापडेल, ती सोडू. खरी मौज जर्मन ‘शुट्झगेबीट’मध्ये आहे. शुट्झ म्हणजे संरक्षण, गेबीट म्हणजे प्रदेश. त्याला ‘संरक्षित प्रदेश’ म्हटलं की तिथल्या रहिवाशांचं रक्षण होत होतं असं वाटतं. साफ चूक! 24 एप्रिल 1884 रोजी बिस्मार्कने केपटाऊनच्या जर्मन वाणिज्यदूताला तार केली, ती ल्यूडरित्झ नावाच्या ब्रेमेनच्या व्यापाऱ्याला आणि त्याने घेतलेल्या जमिनीला संरक्षण दिल्याची. म्हणजे संरक्षण दुकानदाराचं, स्थानिकांचं नव्हे.

आणि ती जमीन घेतली कशी? 1883 मध्ये ल्यूडरित्झने नामा जमातीचा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून आजच्या नामिबियातलं आंग्रा पेक्वेना हे बंदर आणि नंतर किनाऱ्यापासून आत 20 मैलांचा पट्टा विकत घेतला. फ्रेडरिक्सला माहीत होता तो इंग्रजी मैल, सुमारे 1.6 किलोमीटरचा. करारात होता ‘भौगोलिक मैल’, सुमारे 7.4 किलोमीटरचा. 32 किलोमीटरचा पट्टा एका विशेषणाने जवळजवळ 150 किलोमीटर झाला. जर्मनीतही पुढे याला ‘मैलांची फसवणूक’ असंच नाव पडलं. कागद वाचताना विशेषणं गाळू नयेत, ती याचसाठी.

आता तुमचे तीन हेतू. कुठला कागद कुणी लिहिला हे पाहिलं की ते आपोआप सुटे होतात. खरेदीखत व्यापाऱ्याचं, तिथे खनिजांची आशा बोलते; ती फळली नाही आणि 1885 मध्ये ल्यूडरित्झने बहुतेक सगळं एका कंपनीला विकलं. हिरे सापडले 1908 मध्ये, म्हणून ‘हिऱ्यांसाठी गेले’ हे म्हणणं उलटं आहे. बिस्मार्कची लंडनशी पत्रापत्री सत्तांच्या वैराची. या बंदरावर तुमचा हक्क आहे का, असं त्याने विचारलं आणि इंग्रजांनी महिनोन्महिने घोळ घातला, तेव्हा कुठे ती तार गेली. तिसरी, ‘सुधारणे’ची भाषा युरोपीय सत्तांच्या बर्लिन परिषदेतून निघालेल्या 1885 च्या करारातली. गुलामगिरी नष्ट करणं, स्थानिकांचं कल्याण साधणं ही वाक्यं तिथे आहेत. माझ्या मते ‘शुट्झ’ हा शब्द सोयीचा ठरला तो यामुळेच : व्यापाऱ्यासाठी काढला आणि स्थानिकांच्या अंगावर पांघरला. तैनाती फौजेचा ‘मित्र’ हा शब्दही त्याच जातकुळीतला. 1904 पासून याच ‘संरक्षित’ भूमीत हेरेरो आणि नामा या स्थानिक जमातींचा संहार झाला.

‘बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली’ हे वाक्य मात्र पाठ्यपुस्तककारांनी आता सोडावं. आंग्रा पेक्वेनावर जर्मन झेंडा 7 ऑगस्ट 1884 ला लागला, परिषद भरली 15 नोव्हेंबरला. तिने किनारा ताब्यात घेण्याचे नियम ठरवले. सीमारेषा बहुतांशी नंतरच्या वेगवेगळ्या करारांनी आखल्या. शिवाय वाटणी व्हायला मुळात वाटेकरी हक्काचे लागतात.