लॉगबुकातले ते ३८ किलोमीटर

अरे,
तुझा मेसेज वाचला. जिंतूरचा दौरा झाला, क्लोजिंग रीडिंग ४८,३०२ लिहिलं, आणि सोमवारी ऑफिसची गाडी काढताना मीटर ४८,३४० दाखवायलाय, आता काय करू म्हणतोस. रविवारी ड्रायव्हर साहेबांच्या घरच्यांना लग्नाला घेऊन गेला होता, एवढंच ना.

आधी एक सांगतो, जिंतूरच्या ओळीत ते ३८ घुसवू नको. तुमचं ऑफिस परभणीत, जाऊन येऊन ९२ झालेत, तिथं १३० लिहिलं तर ऑडिटवाला तोच रस्ता मागच्या महिन्याच्या पानावर बघतो, तिथं ९० नाहीतर ९४ असतात, मग विचारतो की या वेळेसच रस्ता कामून लांबला? आणि सोडूनही देऊ नको, कारण डिझेल बोलतं. मागची टाकी फुल केली तेव्हा मीटर ४८,००० होतं, आज ४८,३४० ला परत फुल केली तर २८ लिटर बसलं. ३४० भागिले २८, म्हणजे १२ च्या वर, गाडीचं नेहमीचंच ॲव्हरेज. पण ३८ लपवलेस तर ३०२ च उरतात, ॲव्हरेज पावणेअकरावर येतं, आणि डिझेल चोरल्याचा संशय बिचाऱ्या ड्रायव्हरवर! मी नवीन होतो तेव्हा आमच्याकडं असंच झालं होतं, रिकव्हरी मात्र भलत्याच माणसाची निघाली.

म्हणून वेगळी ओळ टाक. तारीख, ४८,३०२ ते ४८,३४०, कुठून कुठं, कारणाच्या रकान्यात सरळ 'खाजगी', आणि ज्यांनी गाडी नेली त्यांचीच सही, तुझी नाही. तुमच्या नियमात खाजगी वापराला परवानगी असेल तर त्याचा किलोमीटरचा दर ठरलेला असतो, समज १५ रुपये असला तर ५७० होतात, ते भरायला लावून पावती नंबर त्याच ओळीत लिही. परवानगीच नसेल तर पैसे भरल्यानं ते नियमात बसत नाही, तेव्हा वरिष्ठांना लेखी कळव. लई अवघड वाटतं, माहितंय, पण सही तुझ्या पानावर राहते. खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून बाजूला सही, व्हाइटनर अजिबात नाही.

स्वतःची गाडी नेलीस तर वेगळं. आधी मंजुरी घ्यायची, मग किलोमीटरचा दर मिळतो, पण त्या दरात पेट्रोल आणि गाडीची झीज धरलेली असते, म्हणून पेट्रोलची पावती परत जोडायची नाही. तुमच्यातला एकजण दोन्ही लावायलाय असं कानावर आलंय.

शुक्रवारी मी तिकडंच आहे. लॉगबुक आणि डिझेलच्या पावत्या काढून ठेव, मागचे तीन महिने टाकी ते टाकी जुळवून बघू, अजून कुठं गॅप असलाच तर तेव्हाच दिसंल.