गुगलने डिलीट केलेलं जुनं जीमेल: आयडी परत मिळत नाही, डेटा मात्र शोधावा लागतो

प्रश्न: माझं २०१० च्या आसपास काढलेलं जीमेल बरीच वर्षं उघडलंच नव्हतं. आता लॉगिन करायला गेलो तर अकाउंट सापडत नाही म्हणतंय. नवीन काढताना तोच आयडी टाकला तर तोही घेत नाही. तो आयडी परत मिळेल का? आणि आतले मेल, फोटो?

उत्तर:

माझं काम कॉम्प्युटर आणि मोबाईल रिपेअरिंगचं आहे, आणि गेल्या काही वर्षांत ही तक्रार घेऊन येणारी माणसं फार वाढलीत. कारण १ डिसेंबर २०२३ पासून गुगलने २ वर्षं अजिबात न वापरलेली पर्सनल अकाउंट डिलीट करायला सुरुवात केली. नियम मे २०२३ मध्येच जाहीर केला होता, पण जो माणूस मेलच उघडत नाही त्याला कळणार कसं हो.

आधी आयडीचं सांगतो कारण ते एका वाक्यात संपतं. डिलीट झालेला जीमेल आयडी गुगल पुन्हा कुणालाच देत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून तर नवीन काढताना तुम्हाला `That username is taken` येतंय, त्याचा अर्थ दुसऱ्या कुणीतरी तो पटकावला असा नाही, तो नुसता कायमचा बंद करून ठेवलाय. मधे डॉट टाकून बघू नका, जीमेल डॉट मोजतच नाही, आयडी तोच धरतं. आणि खरं सांगायचं तर हे आपल्या भल्याचंच आहे. याहूने २०१३ मध्ये जुने पडून राहिलेले आयडी नवीन लोकांना वाटले होते आणि मग त्या नवीन लोकांच्या इनबॉक्समध्ये आधीच्या मालकाचे खाजगी मेल येऊन पडायला लागले. तुमच्या बँकेचे, इन्शुरन्सचे मेल भलत्याच्या हातात पडण्यापेक्षा आयडी गेलेला परवडला.

म्हणजे तो आयडी परत मिळायचा एकच रस्ता उरतो, तेच जुनं अकाउंट जिवंत करणं. आणि ते जमेल का हे सगळं डिलीट कधी झालं त्या तारखेवर आहे.

पण त्याच्याही आधी खरंच डिलीट झालंय का ते बघा, कारण निम्म्या केसमध्ये स्पेलिंगच चुकलेलं असतं किंवा माणूस आयडीच्या शेवटचा नंबर विसरलेला असतो. लॉगिनला आयडी टाकल्यावर पासवर्ड विचारला तर अकाउंट आहे, फक्त पासवर्डचा प्रश्न आहे. `Couldn't find your Google Account` आलं तर एखाद्या जुन्या मित्राच्या मेलमध्ये, तुम्ही पूर्वी त्याला पाठवलेलं काहीतरी शोधून तिथून आयडी जसाच्या तसा कॉपी करा, आठवणीतून टाइप करू नका. मग दुसऱ्या कुठल्याही मेलवरून त्या आयडीला एक साधा मेल पाठवा. परत आलेल्या मेलमध्ये `550 5.1.1` असा आकडा आणि अकाउंट अस्तित्वात नाही असं लिहिलेलं असेल तर ते नक्की गेलंय. मेल परत आलाच नाही तर आशा आहे.

गेलंय हे नक्की झालं की तारीख शोधा. गुगल डिलीट करायच्या आधी काही महिने सूचना पाठवतं, त्या अकाउंटवर आणि तुम्ही रिकव्हरीला दिलेल्या दुसऱ्या मेलवरसुद्धा. तो दुसरा मेल उघडा आणि स्पॅमसकट सगळीकडे गुगलचे मेल शोधा. तिथे तारीख मिळते. गुगलच्याच म्हणण्याप्रमाणे डिलीट केलेला डेटा त्यांच्या चालू सिस्टीममधून पूर्ण जायला साधारण २ महिने लागतात आणि त्यात बऱ्याचदा परत मिळवण्यासाठी महिनाभरापर्यंतची मुदत धरलेली असते. बॅकअपमध्ये तो ६ महिन्यांपर्यंत राहू शकतो, पण त्या बॅकअपपर्यंत आपला हात पोचत नाही, त्यामुळे ६ महिन्यांच्या भरवशावर थांबू नका.

तर डिलीट होऊन थोडेच दिवस झाले असतील तर आजच accounts.google.com/signin/recovery वर जा. ज्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर ते अकाउंट पूर्वी चालायचं तोच घ्या, शक्यतो त्याच घरातल्या वायफायवरून, कारण ओळखीचं मशीन आणि ओळखीची जागा दिसली की गुगलचा विश्वास बसायला मदत होते. शेवटचा पासवर्ड आठवत नसेल तर त्याच्या आधीचा जो आठवतो तो टाका, प्रश्न मोकळा सोडू नका. आणि इथे एक मोठी अडचण येते ती जुन्या मोबाईल नंबरची. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवस तसाच ठेवतात आणि त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, म्हणजे तुमचा कोड एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. नंबर तुमच्याकडे नसेल तर दुसऱ्या मार्गाने विचारण्याचा पर्याय निवडा, त्या माणसाला फोन करून कोड मागत बसू नका, तो का देईल.

ते अकाउंट कॉलेजचं किंवा ऑफिसचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गुगलचा २ वर्षांचा नियम लागत नाही, डिलीट करणारा तिथला ॲडमिन असतो, आणि त्याला डिलीट केल्यापासून २० दिवसांच्या आत ते परत आणता येतं. थेट त्याच्याकडे जा.

तुम्ही म्हणताय बरीच वर्षं उघडलं नव्हतं, त्यामुळे मुदत टळली असण्याचीच शक्यता जास्त आहे. मग गुगलकडून काही मिळणार नाही हे धरून चाला, आणि तुमच्या आजूबाजूला त्या डेटाच्या ज्या प्रती पडल्यात त्या गोळा करायला लागा. हे मी तळमळीने सांगतोय कारण लोक इथेच हात टेकतात आणि घाईत जुना लॅपटॉप भंगारात देतात, फोन फॉरमॅट मारतात.

एका निवृत्त सरांची केस सांगतो. त्यांचं अकाउंट मुलाने काढून दिलेलं, रिकव्हरी मेल मुलाच्या जुन्या कंपनीचा होता, ती नोकरी त्याने सोडलेली, त्यामुळे सगळ्या सूचना तिकडेच गेल्या आणि कुणी वाचल्या नाहीत. मुदत केव्हाच संपलेली. पण घरात जुना लॅपटॉप होता आणि त्यात आउटलुक २०१० हे मेलचं सॉफ्टवेअर लावलेलं होतं. नेट बंद ठेवूनच ते उघडलं, आणि हे महत्त्वाचं आहे, नेट बंदच ठेवायचं आणि ते अकाउंट आउटलुकमधून काढून परत जोडायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण अकाउंट काढलं की त्याची साठवलेली प्रतही जाऊ शकते. पण आउटलुक उघडायच्या आधीच, ते बंद असताना, ही दोन फोल्डर जशीच्या तशी पेनड्राइव्हवर घेतली, दुसरं नसेल तर सोडून द्या:

```
%LOCALAPPDATA%\Microsoft\Outlook
%USERPROFILE%\Documents\Outlook Files
```

मग आउटलुकमधूनच एक्सपोर्ट करून `.pst` फाइल बनवली. पेन्शनचे कागद, शाळेची पत्रं, सगळे जुने मेल निघाले, पण मे २०२२ च्या शेवटापर्यंतचेच. त्याचं कारणही साधं आहे, ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या आयडी-पासवर्डवर चालणाऱ्या बाहेरच्या ॲपना लॉगिन देणं बंद केलं, म्हणून तो जुना आउटलुक त्यानंतर मेल आणूच शकला नव्हता. तुमच्याकडे थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर असेल तर हे फोल्डर बघा:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles
```

त्यात `ImapMail` किंवा `Mail` नावाचा फोल्डर असतो आणि आत `INBOX` नावाची, एक्सटेन्शन नसलेली मोठी फाइल. मेल त्यातच असतात. खात्री करायला तिची कॉपी नोटपॅडमध्ये उघडून बघा, वाचता येते.

सरांचे फोटो मात्र अर्धेच मिळाले. जुना फोन चार्ज करून चालू झाल्या झाल्या फ्लाइट मोडवर टाकला, अकाउंट साइन आउट केलं नाही, आणि केबल लावून कॅमेऱ्याच्या फोटोंचा `DCIM` आणि व्हॉट्सॲपचा फोल्डर उतरवून घेतला. कॉन्टॅक्टही तिथूनच `.vcf` करून काढले, कारण फोनमधून अकाउंट काढलं की त्याच्याबरोबर सिंक झालेले नंबरही जातात. पण फोन भरला म्हणून त्यांनी कधीतरी गुगल फोटोजमध्ये जागा मोकळी करायचं बटण दाबलं होतं. ते बटण बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढून टाकतं, म्हणजे ते फोटो फक्त गुगलकडे उरले होते आणि तिथूनच गेले. ते कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर आणू शकलं नाही.

जे राहिलं त्यातलं बरंच दुसऱ्यांच्या इनबॉक्समधून आलं. तुम्ही पाठवलेले मेल घेणाऱ्याकडे तसेच असतात, तुमचं अकाउंट गेलं म्हणून ते जात नाहीत. भावाला, मित्राला, जुन्या सहकाऱ्याला सांगा की जीमेलच्या सर्चमध्ये हे टाक, तुमचा जुना आयडी घालून:

```
from:tumcha.juna.id@gmail.com has:attachment
```

आणि जे निघेल ते तुमच्या नव्या आयडीवर फॉरवर्ड करायला सांगा. ड्राइव्हवर नुसती शेअर केलेली फाइल मात्र अशी मिळत नाही, ती तुमच्या मालकीची होती म्हणून ती सगळ्यांसाठीच गेली. कुणी स्वतःची कॉपी काढून ठेवली असेल तरच.

पैसे घेऊन डिलीट झालेलं जीमेल परत आणून देतो म्हणणारे टेलिग्रामवर खूप भेटतील. एकालाही पैसे किंवा ओटीपी देऊ नका, वर दिलेल्या रिकव्हरी पानाशिवाय कुणाकडेही दुसरा दरवाजा नाही.

आता एक काम हा डेटा शोधायच्याही आधी करा. तो जुना आयडी बँकेत, पीएफला, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर, डिमॅटला कुठे कुठे दिलाय ते आठवून लिहून काढा आणि तिथे नवा आयडी टाका. मोबाईल नंबर चालू आहे तोवर हे बहुतेक ठिकाणी ओटीपीवर होऊन जातं. जिथे मेल आणि मोबाईल दोन्ही जुनेच आहेत ती नावं यादीत सगळ्यात वर घ्या, तिथे ऑनलाइन जमणार नाही, ओळखपत्र घेऊन ब्रँचलाच जावं लागेल.