आपल्या चेहऱ्याची खोटी जाहिरात: आधी पुरावा, मग रिपोर्ट

*"नौपाड्यात माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. माझ्या रीलमधला चेहरा आणि दुकानाचं नाव वापरून फेसबुकवर कोणीतरी 'दुकान बंद करतोय, पैठणी 999 रुपयांत' अशी जाहिरात चालवतंय. मला स्वतःला ती दिसतच नाही, गिऱ्हाइकं स्क्रीनशॉट पाठवतात. रिपोर्ट केलं तर 'नियमभंग आढळला नाही' असं उत्तर आलं. आता काय करू?"*

ताई, जाहिरात कोणाला दाखवायची हे पैसे भरणारा ठरवतो, आणि खऱ्या मालकापासून ती लांब राहिली तर त्याचंच भलं. त्यामुळे फीड सरकवत बसू नका. facebook.com/ads/library उघडा, देश India आणि प्रकार All ads निवडा. आधी दुकानाच्या नावाने शोधा, मग जाहिरातीतलं अख्खं वाक्य अवतरण चिन्हांत घालून शोधा. नावात ही मंडळी मुद्दाम एखादं अक्षर फिरवतात, पण मजकूर मात्र तोच तोच चिकटवतात, म्हणून वाक्याने लवकर सापडतात. फोटोवर छापलेली अक्षरं शोधात येत नाहीत. जाहिरातीच्या वरचा मजकूर गिऱ्हाइकाकडून मागून घ्या.

सापडली की लगेच रिपोर्ट दाबू नका. आपल्याकडे साध्या जाहिराती तिथे चालू असेपर्यंतच दिसतात. उतरली की तुमचा पुरावाही गेला. आधी स्क्रीनशॉट घ्या आणि Library ID, पेजची लिंक, जाहिरातीवर दाबल्यावर उघडणारी वेबसाइट किंवा व्हॉट्सअॅप नंबर, सगळं एका ठिकाणी लिहून ठेवा. पेजच्या Page transparency मध्ये ते कधी काढलं, आधी नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशात आहेत हेही दिसतं. काल-परवा भलत्याच नावाने असलेलं पेज आज 'तुमचं दुकान' झालेलं असेल, तर तोही स्क्रीनशॉट घ्या.

तुमचं रिपोर्ट का फेटाळलं, तर नुसती जाहिरात बघणाऱ्याला त्यात काय दिसणार? साड्या आहेत, सूट आहे, एक बाई बोलतेय. ती बाई तुम्ही आहात हे त्याला कोणी सांगितलंच नाही. म्हणून माझा पहिला भर कॉपीराइटच्या तक्रारीवर असतो. रील तुम्ही स्वतः शूट केलंय, तर हक्क तुमचाच, आणि त्यासाठी नोंदणीचा कागद लागत नाही. मेटाच्या कॉपीराइट फॉर्ममध्ये तुमच्या मूळ रीलची लिंक आणि त्यांच्या जाहिरातीची लिंक शेजारी-शेजारी द्या. तारीख पाहूनच मूळ कोणाचं ते कळतं. एक लक्षात ठेवा, तुमचं नाव आणि ईमेल समोरच्यापर्यंत पोचू शकतं, तेव्हा घरचा ईमेल नको, दुकानाचा द्या. ट्रेडमार्कचा मार्गही आहे, पण तो नाव नोंदवलेलं असेल तरच खऱ्या अर्थाने उपयोगी.

दुसरं, जाहिरातीबरोबर पेजचंही तोतयेगिरीखाली रिपोर्ट करा. नुसती जाहिरात उतरवली तर तेच पेज संध्याकाळी दुसरी चढवतं. तरीही नकार आला तर मेटाच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि 2021 च्या आयटी नियमांमधल्या नियम 3(2)(b) चा उल्लेख करा. तोतयेगिरी आणि मॉर्फ केलेले फोटो त्यात येतात, आणि त्या नियमांनी अशी सामग्री उतरवायला 24 तासांची मुदत घातली होती. तिथलंही उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर अपील करता येतं.

पोलिसांचं म्हणाल तर cybercrime.gov.in वर तक्रार टाका. कोणाचे पैसे गेले नसले तरी चालतं, आणि उद्या एखादी बाई पावती घेऊन दुकानात भांडायला आली तर तो तक्रार क्रमांक तुमच्या कामी येतो. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी मात्र स्वतः, ताबडतोब 1930 ला फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तरच ती अडवता येते; उद्या करू म्हटलं की संपलं.

आता गिऱ्हाइकांसाठी. 'सावध राहा' अशा पोस्टने काही होत नाही, लोकांना ओळखायची खूण द्या. माझ्या मते सगळ्यात चांगली खूण यूपीआयची आहे. पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तुमच्या खात्याचं नाव जसंच्या तसं पिन केलेल्या पोस्टमध्ये, व्हॉट्सअॅप स्टेटसला आणि गल्ल्यावरच्या पाटीवर लिहा: "हे नाव दिसलं नाही तर पैसे पाठवू नका." सोबत तुमचा एकमेव नंबर, आणि दुकान बंद होत नाहीये हे ठळक शब्दांत. खोट्या जाहिरातीचा फोटो टाकाल तेव्हा त्यावर आडवं 'खोटी' लिहा आणि लिंक दिसणारा भाग कापून टाका, नाहीतर तुमचाच फोटो पुढे पाठवला जाऊन त्यांचा प्रचार होतो.

त्या पोस्टखालच्या कमेंटवर आठवडाभर डोळा ठेवा. "माझेही पैसे गेले होते, या सरांनी परत मिळवून दिले" असं लिहून नंबर देणारे हमखास येतात. तेही चोरच, आधीच नाडलेल्यांना पुन्हा लुबाडायला आलेले. दिसले की कमेंट उडवा आणि खातं ब्लॉक करा.