चेतापेशीच्या टोकात कॅल्शियम आत आल्यावर ते स्नेअर प्रथिनांना चिकटतं आणि मग ट्रान्समीटरने भरलेली व्हेसिकल पेशीपटलाशी फ्यूज होते, बरोबर ना?

चूक. कॅल्शियम चिकटतं ते सिनॅप्टोटॅग्मिन या वेगळ्या प्रथिनाला.

याच मुद्द्यावर एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत माझे गुण गेले, म्हणून सविस्तर लिहितेय. बाहेरून आलेले परीक्षक ठासून म्हणाले, "कॅल्शियम स्नेअरला बाइंड होतं." मी फळ्यावर आकृती काढली. स्नेअर प्रथिनं तीन: व्हेसिकलवर सिनॅप्टोब्रेव्हिन, पेशीपटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-25. स्नॅप-25 दोन हेलिक्स देतं, बाकी दोघं एकेक, म्हणजे चौघांचा पीळ. हा पीळ पटलापासून लांबच्या टोकाकडून सुरू होतो आणि पटलाकडे चेन लावावी तसा आवळत येतो. मुख्य गोष्ट ही, की कॅल्शियम यायच्या आधीच तो अर्धवट आवळून थांबलेला असतो. म्हणून तर कॅल्शियम शिरल्यावर मिलिसेकंदाच्या आत ट्रान्समीटर बाहेर पडतो. सगळी जुळणी तेव्हा सुरू झाली असती तर इतका वेग आलाच नसता.

सर म्हणाले, "मग बोटॉक्सने स्नेअर तुटलं की सगळं का थांबतं?" मी म्हटलं, बोटॉक्समधलं विष, बोट्युलिनम ए, स्नॅप-25 च्या 206 अमिनो आम्लांपैकी शेवटची फक्त 9 कापतं. कॅल्शियम पूर्वीसारखंच आत येतं, व्हेसिकल पटलापाशी उभ्याच असतात, पण शेवटचा आवळा नीट बसत नाही. यावरून स्नेअरशिवाय फ्यूजन होत नाही एवढंच कळतं. जे तोडल्यावर काम थांबतं तेच कॅल्शियम ओळखतं, हे कुठून आलं?

मी 2001 चा उंदरांवरचा प्रयोग सांगितला. सिनॅप्टोटॅग्मिन-1 मध्ये 233 व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन घातलं. स्नेअरला हातही लावला नाही. त्या प्रथिनाची कॅल्शियमवरची पकड साधारण निम्मी झाली आणि ट्रान्समीटर सुटण्याची कॅल्शियम-संवेदनशीलताही तेवढीच घटली. कॅल्शियम स्नेअरवर बसत असतं तर हा फरक पडायचं कारणच नव्हतं. सरांनी "पुढचा प्रश्न" म्हटलं आणि विषय संपवला.

तुमच्या नोट्समध्ये कॅल्शियमपासून थेट स्नेअरकडे बाण असेल तर खोडा आणि मधे सिनॅप्टोटॅग्मिन लिहा. परीक्षकांनी अडवलं तर 233 वा आर्जिनिन सांगा आणि माघार घेऊ नका.

एक मात्र आहे. हे सगळं जलद रिलीजबद्दल झालं. त्यामागून रेंगाळत येणाऱ्या रिलीजमध्ये सिनॅप्टोटॅग्मिन-7 चा हात असतो, आणि चेतापेशी आणि स्नायू यांच्या जोडावर मुख्य काम सिनॅप्टोटॅग्मिन-2 करतं. सिनॅप्टोटॅग्मिन तो थांबलेला पीळ नेमका कसा सोडतं, त्यात कॉम्प्लेक्सिन या आणखी एका प्रथिनाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.