मदतनीस ताईंची खुर्ची वर्गाबाहेर हलवून पाहा

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी असून तो व्हीलचेअर वापरतो. नेरूळमधल्या नेहमीच्या शाळेत नववीत शिकतो. वर्गातली मुले त्याच्याशी चांगली वागतात, पण शाळा सुटल्यावर एकाचाही फोन येत नाही. आम्ही काय करावे, शाळेला काय सांगावे?

उत्तर:

मी विशेष शिक्षिका असून ठाणे आणि नवी मुंबईतील नेहमीच्या शाळांमध्ये काम करते. सर्वप्रथम एक आठवडा मधल्या सुट्टीत आपल्या मुलाशी कोण बोलते, किती वेळ बोलते आणि त्या वेळी कोणी मोठे माणूस शेजारी असते का, याची नोंद वर्गशिक्षकांना ठेवायला सांगा.

ठाण्यातील एका शाळेत आठवीतील एका मुलीसाठी मी ही नोंद ठेवली होती. तिलाही सेरेब्रल पाल्सी आहे आणि तिचे बोलणे थोडे अडखळत होते. आठवडाभरात तिच्याशी सर्वांत जास्त बोलल्या त्या तिच्या मदतनीस ताई. मुली येत, "बरी आहेस ना?" असे विचारत आणि उत्तर बहुधा ताईच देत. ताई अतिशय मायाळू होत्या. परंतु मोठे माणूस सतत खुर्ची लावून बसले की या वयातली मुले आपल्या गप्पा तिथे आणत नाहीत. मग आम्ही ताईंची खुर्ची वर्गाच्या दाराबाहेर नेली. स्वच्छतागृह, जिना आणि डबा उघडणे एवढ्यापुरत्याच त्या आत येऊ लागल्या. पहिले चार दिवस ती मुलगी एकटीच बसून होती, आणि ते पाहणे तिच्या आईला फार जड गेले.

त्याआधी शाळेने फळ्यावर मदतीच्या पाळ्या लावल्या होत्या: सोमवारी ही, मंगळवारी ती. ही चूक मी अनेक शाळांत पाहिली आहे. पाळी संपली की मुलगी आपल्या बाकावर परत जाते, कारण तिला मैत्रीण नव्हे, काम मिळालेले असते. म्हणून आम्ही पाळ्या बंद केल्या आणि त्या मुलीलाच विचारले की तुला कोणाबरोबर बसावेसे वाटते. तिने तीन नावे सांगितली. त्यातली एक वर्गातली सर्वांत खोडकर मुलगी होती, आणि शिक्षकांनी स्वतः तिला कधीच निवडले नसते.

या चौघींना आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र आणायचे ठरले, पण नुसत्या गप्पांसाठी नव्हे, तर दोघींशिवाय होणार नाही अशा कामासाठी. आमच्या मुलीला क्रिकेटची जबरदस्त आवड होती, म्हणून वर्गांच्या आपसातल्या सामन्यांची धावफलकाची वही या गटाकडे दिली. तिचा हात लिहू शकत नव्हता, पण तिचे लक्ष चेंडूवरून हलत नसे. ती सांगायची आणि खोडकर मुलगी लिहायची. एकदा पंचांशी वाद झाला तेव्हा ती सावकाश, पण ठामपणे म्हणाली, "चौथा वाइड होता. अजून एक चेंडू आहे." मैदानावरच्या मुलांना तिचे ऐकावे लागले. मी पहिले तीन आठवडे गटात बसले आणि नंतर उठून गेले. एक मुलगी महिनाभरात गटातून गळली. तिला आम्ही अडवले नाही.

घरच्यांचे काम शाळा सुटल्यावर सुरू होते. मुलांची मैत्री मुख्यतः फाटकापासून वडापावच्या गाडीपर्यंतच्या दहा मिनिटांत मुरते आणि आपली मुले त्याच वेळी रिक्षात बसून निघून गेलेली असतात. आठवड्यातून दोन दिवस रिक्षा वीस मिनिटे उशिरा बोलवा आणि स्वतः लांब थांबा. मुलाचा स्वतःचा फोन असू द्या. मित्रांचे निरोप आईच्या फोनवर येऊ नयेत. मित्राच्या इमारतीला लिफ्ट नसेल तर भेट आपल्या घरी किंवा एखाद्या बागेत ठरवा. मात्र चाकाच्या खुर्चीला रस्ता आणि जवळ वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, हे आधी स्वतः जाऊन पाहा, आणि पहिली भेट दीड तासाचीच ठेवा.

दिव्यांग मित्रही हवेत, असे माझे मत आहे. दाढी कशी करायची, प्रेमाबद्दल कोणाशी बोलायचे, हे तो आपल्यासारख्याच मुलाशी अधिक मोकळेपणाने बोलेल. वाशीत महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. तिथे येणाऱ्या कुटुंबांशी ओळख करून घ्या.

शाळा सहलीला किंवा खेळाच्या तासाला त्याला घरी ठेवायला सांगत असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि मनोरंजनाची संधी द्यावी, अशी अपेक्षा त्यात आहे.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तशीच नोंद ठेवायला सांगा. मोठ्यांनी न ठरवता कोणी फोन केला का, मुले त्याच्याशी भांडतात का, त्याच्याकडे काही मागतात का, हे पाहा. नुसते "हाय" वाढले असेल तर गटाचे काम बदलावे लागेल. नववीतून दहावीत जाताना तुकड्या बदलणार असतील तर किमान दोन मित्र त्याच्याच तुकडीत राहावेत, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे मार्चमध्येच द्या, कारण जूनमध्ये याद्या लागलेल्या असतात. ठाण्यातला तो गट आम्ही याच कारणामुळे गमावला होता.