मालवणी कापणीगीत आणि घुसलेली प्रमाण भाषा

प्रश्न: लोकगीत स्पर्धेसाठी भातकापणीचं गाणं मालवणीत लिहिलंय. 'चल गो बाये भात कापायला, माझं शेत पिकलं, विळो दे मला.' वाचणारे म्हणतात भाषा सरमिसळ वाटते. काय चुकलं?

उत्तर: 'गो बाये' आणि 'विळो' मालवणी, बाकी सगळं पुस्तकी. वेगळे शब्द पेरून बोली होत नाही, ती प्रत्ययात असते. ओळ अशी हवी: 'चल गो बाये भात कापूक, माझा शेत पिकला, विळो दी माका.'

खरी फसगत 'शेत'पाशी होते. मालवणीत पुल्लिंग ओकारान्त (विळो, माझो), पण नपुंसकलिंग आकारान्त: माझा शेत, भात पिकला. प्रमाण मराठीच्या कानाला ते चुकीचं वाटतं, म्हणून कुणी 'पिकलं' करतं, तर कुणी अतिउत्साहात 'शेत पिकलो'!

आता चाल. 'कापायला'च्या सात मात्रा, 'कापूक'च्या पाच. उरलेल्या दोन 'पू' लांबवून भरा. 'मला' तीन, 'माका' चार, तिथे उलट थोडं आवळावं लागेल. यमकासाठी 'मला' परत आणू नका, ऐकणाऱ्याला तेच पहिलं खटकतं.

मग गाणं घरातल्या आजीला म्हणून दाखवा. ती जिथे अडखळेल तिथे खूण करा.