भाराला काय दिसतं?

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक्सच्या मराठी टिपणांत 'भाराद्वारे पाहिला जाणारा समतुल्य परिपथ' असं लिहिलंय. भार काय पाहणार? आणि तो काढायला शॉर्ट सर्किट करंट लागतो म्हणे. शॉर्ट सर्किट झालं तर आग नाही का लागणार?

'भाराला दिसणारा' लिहा, अर्धा घोळ तिथेच मिटतो. 'मला डोंगर दिसतो' म्हणताना मी काही करत नसतो, डोंगर आपला नजरेला पडतो. 'द्वारे पाहिला जाणारा' म्हटलं की भार डोळे फाडून परिपथाच्या पोटात बघतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या हाती दोन टोकं असतात आणि त्याला एकच गोष्ट कळते: इतका करंट घेतला, तर टोकांवर इतकं व्होल्टेज उरतं. (भार म्हणजे भारनियमनातला भार, वीज खाणारा. 'प्रभार' वेगळा.)

आता 'समतुल्य'. तुल्य हा शब्द तुलेवरून, म्हणजे तराजूवरून आलेला. खरं तर नुसतं 'तुल्य' पुरलं असतं. तराजूला वजन कळतं, पारड्यात गूळ आहे की खिळे ते कळत नाही. इथेही नेमकं तेच आहे. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला ६ किलोओहम आणि ३ किलोओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडा आणि ३ किलोओहमच्या दोन टोकांवरून भारासाठी तारा काढा. तारा मोकळ्या असताना तिथे १२ चा एक तृतीयांश, म्हणजे ४ व्होल्ट मिळतात. हे उघड्या टोकांचं व्होल्टेज. आता त्याच तारा एकमेकींना जोडा. ३ किलोओहमवाल्याला बगल मिळते, त्यातून करंट जातच नाही. उरतो ६ किलोओहम, म्हणून २ मिलिअँपिअर. हा शॉर्ट सर्किट करंट. ४ व्होल्ट भागिले २ मिलिअँपिअर, उत्तर २ किलोओहम. भाराला दिसतं ते एवढंच: ४ व्होल्टचा स्रोत आणि त्याच्या पुढे २ किलोओहम. फ्रेंच तारखात्यातल्या थेवेनिनने १८८३ मध्ये मांडलेला सिद्धांत तो हाच.

पडताळून पाहा. २ किलोओहमचा भार लावला, तर या छोट्या परिपथात त्याच्यावर २ व्होल्ट येतात. मूळ परिपथात ३ आणि २ किलोओहम समांतर, म्हणजे १.२, त्याच्यावर १२ पैकी १.२ भागिले ७.२ इतका हिस्सा, पुन्हा २ व्होल्ट. तराजू जुळला. पण पारड्यात डोकवा: भार काढून घेतला, तर छोट्या परिपथात काहीच तापत नाही, मूळ परिपथात मात्र १६ मिलिवॅट उष्णता होतच राहते. ती भाराला दिसत नाही. म्हणून 'समतुल्य'ऐवजी 'सारखा' लिहू नये.

मीटरही भारच असतो, हे विसरलं की गफलत होते. १० किलोओहमचा जुना काट्याचा मीटर याच टोकांना लावलात, तर ४ च्या जागी ३.३३ व्होल्ट दिसतील आणि तुम्ही गणित चुकलं म्हणून डोकं खाजवत बसाल.

आगीचं म्हणाल, तर बातम्यांतलं शॉर्ट सर्किट 'होतं', इथलं आपण 'करतो', तेही बहुतेकदा कागदावर. गाडीची बॅटरी खरोखर शॉर्ट करायची नाही. ती उघडी असताना १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना २०० अँपिअर घेतल्यावर १०.६ वर येते असं समजा. २ व्होल्ट भागिले २००, म्हणजे आतला रोध ०.०१ ओहम. तीच रेघ पुढे ओढली की शॉर्ट सर्किट करंट १२६० अँपिअर येतो, आणि पान्हा वितळायला तेवढा पुरे.

रेघ म्हणालो, त्यातच या रीतीची मर्यादा आहे. करंट वाढेल तसं व्होल्टेज सरळ रेषेत उतरत असेल, तरच रेघेच्या दोन टोकांचे दोन आकडे, म्हणजे उघड्या टोकांचं व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट, पुरतात. सोलर पॅनेलच्या पाठीवर हे दोन्ही आकडे छापलेले असतात, म्हणून भागाकाराचा मोह होतो. समजा, पॅनेल २२ व्होल्ट आणि ६ अँपिअरचं आहे. सरळ रेघ धरली तर ५.५ अँपिअर घेताना दोन व्होल्टही उरू नयेत. असं पॅनेल चांगल्या उन्हात तिथे १८ च्या आसपास देतं. ते उशिरापर्यंत करंट जवळजवळ तोच ठेवतं आणि शेवटी एकदम वळतं. त्याला शॉर्ट केलं तरी ६ च अँपिअर जातात, पान्ह्याला काही होत नाही.